पाय मोठा होतो

नात्यागोत्यात, शेजारीपाजारी कुणाला इंग्रजीत अर्ज लिहायचा असला की ताईंची आठवण व्हायची. मामेभावाला नोकरीसाठी, नणंदेला बँकेसाठी, शेजारच्या आजोबांना पेन्शनसाठी. ताई चष्मा चढवायच्या, कागद सरळ करायच्या आणि असं काही लिहायच्या की ज्याचा अर्ज, त्यालाच तो वाचून आपण बरेच मोठे गृहस्थ असल्यासारखं वाटायचं. नणंद म्हणायची, आमच्या वहिनीचं इंग्रजी म्हणजे इस्त्रीचे कपडे. ताईंना हे मनापासून पटायचं. वाक्याला सुरकुती पडू द्यायची नाही, हा त्यांचा नेम होता.

अकरा वर्षं त्यांनी एका शाळेच्या कचेरीत पत्रं लिहिली. शाळा बंद पडली तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि आता घरी बसून काय करायचं या विचारात असताना त्यांना कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका केंद्रात काम मिळालं. नवरा पावभट्टीत पहाटेच्या पाळीला जायचा, त्यामुळे घरात संध्याकाळी तोच आधी पोचलेला असायचा. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, काम काय आहे. ताई म्हणाल्या, लोकांच्या पायांबद्दल लिहायचं. यावर त्याने खाली वाकून आपल्या पायांकडे पाहिलं.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि मधल्या भिंतीत एक खिडकी. अलीकडे ताईंचं टेबल, संगणक आणि केंद्राचा मोबाइल. पलीकडे कार्यशाळा. तिथे घासण्याचं यंत्र दिवसभर घरघरायचं, प्लास्टरची पांढरी धूळ सगळ्यांवर सारखीच बसायची, आणि फळीवर पाय ओळीने उभे असायचे, प्रत्येकाच्या घोट्याला नंबराची चिठ्ठी. ताईंना पहिले चार दिवस ते पाय आपल्याकडे बघतात असं वाटायचं. पाचव्या दिवशी त्या त्यांच्याकडे पाहून डबा खाऊ लागल्या.

काम दिसायला सोपं होतं. रुग्ण मोबाइलवर निरोप पाठवायचे, बहुतेक मराठीत. पण पाय दुरुस्त करणारा मिस्त्री दूरच्या मुलखातला, त्याला मराठी येत नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी येणाऱ्या तज्ज्ञ बाईंनाही येत नव्हतं. दोघांचं चालायचं ते इंग्रजीवर. म्हणून ताईंनी निरोप वाचायचा आणि कामाची नोंद इंग्रजीत करायची: रुग्णाचा नंबर, डावा की उजवा, तक्रार काय, करायचं काय, कधीपर्यंत. छापलेला कागद खिडकीतून आत जायचा आणि मिस्त्री तो त्या पायाला चिमट्याने लावायचा. किरकोळ कामं मिस्त्री एकटा करायचा, मोठी कामं तज्ज्ञ बाई आल्यावर.

मिस्त्री अबोल होता. सहा वर्षांत त्याने मराठीतला एकच शब्द उचलला होता, "ताई", आणि तेच त्यांचं नाव अशी पहिले काही महिने त्याची समजूत होती. एका पाकिटावर त्याने मिसेस ताई असंही लिहिलं होतं. कागदावर असेल तेवढंच करायचं, ना कमी ना जास्त, ही त्याची पद्धत. शंका आली तर तो कोपऱ्यात पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवायचा.

अशी प्रश्नचिन्हं बरीच यायची. एक म्हातारे माळीबुवा होते, त्यांनी कळवलं होतं की पाय आतल्या बाजूने चावतो आणि चालताना बडबड करतो, आमच्या घरच्या माणसांइतकी नाही पण करतो. ताईंनी लिहिलं, किंचित अस्वस्थता, अधूनमधून आवाज. इंग्रजीत ते फार शोभून दिसत होतं. कागद परत आला, दोन प्रश्नचिन्हांसह. कुठे अस्वस्थता, कसला आवाज. बिचाऱ्याचं इंग्रजी कच्चं आहे, असं ताईंच्या मनात आलं, आणि त्यांनी तेच वाक्य थोडं सोपं करून पुन्हा पाठवलं. पुढेपुढे सगळ्याच रुग्णांना किंचित अस्वस्थता होऊ लागली. ज्याला पाय टेकवत नव्हता त्याला, ज्याला नुसता बुटाचा रंग आवडला नव्हता त्याला, आणि ज्याने एका निरोपात अठरा वाक्यं शिव्या दिल्या होत्या त्यालाही.

मग शिंपीणबाई आल्या.

शिंपीणबाईंचं कपडे दुरुस्त करण्याचं छोटं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी एका मालमोटारीखाली त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. महिन्याभरात त्या मशीनवर परत बसल्या, कारण पायपट्टी दाबायला उजवा पुरतो असं त्यांचं म्हणणं. सकाळी उभ्याने कापायचं, दुपारी बसून शिवायचं, संध्याकाळी गिऱ्हाइकांशी भांडायचं, असा त्यांचा दिनक्रम. त्यांच्या निरोपांत कधी एक शब्द जास्तीचा नसायचा. कापड वाया घालवू नये तसे त्या शब्द वाया घालवत नसत.

त्यांनी पाय केंद्रात आणून दिला, घरचा जुना पाय घालून परत गेल्या आणि वाटेतून कळवलं: "सकाळी पाय बरोबर बसतो. दुपारनंतर मोठा होतो. बघा जरा."

ताईंनी वाचलं. दुपारनंतर पाय मोठा होतो. म्हणजे सूज येते, उघड आहे. सूज आली की पाय आत आवळणार, घट्ट होणार. त्यांनी विचार पुरा केला आणि तो नोंदीत घातला: दुपारनंतर उरलेल्या पायाला सूज येते, त्यामुळे सॉकेट घट्ट होतं, तरी कृपया सैल करावं. सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा पेला, ज्यात गुडघ्याखालचा उरलेला पाय बसतो. तो शब्द ताई नुकत्याच शिकल्या होत्या आणि वापरायला मिळाल्याचा त्यांना आनंद झाला होता. शिंपीणबाईंनी घट्ट म्हटलं नव्हतं. सैल करा असंही म्हटलं नव्हतं. पण नोंद अपुरी कशी ठेवायची.

या वेळी प्रश्नचिन्ह आलं नाही. कागद स्वच्छ होता, काय करायचं ते लिहिलेलं होतं. पेल्याच्या आतून पूर्वी दोन पातळ गाद्या चिकटवलेल्या होत्या. मिस्त्रीने त्या सोडवून काढल्या, आतली बाजू पुसून घेतली आणि पाय फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई तो घेऊन गेल्या.

त्या दिवशी दहाच्या आतच पाय पेल्यात वरखाली होऊ लागला, हातपंपाच्या दांड्यासारखा. शिंपीणबाईंनी एक मोजा चढवला. मग दुसरा. चौथ्या मोज्याला पाय थोडा ऐकू लागला, पण मोज्यांची चुणी पडून टोचायला लागलं. एका गिऱ्हाइकाचा कोट त्याच दिवशी द्यायचा होता. त्यांनी दातात टाचणी धरून निरोप पाठवला: "आता सकाळपासूनच मोठा होतो. केलंत तरी काय?"

ताई हे वाचून घाबरल्या. सूज वाढली, आणि आता सकाळपासून. त्यांनी वर तातडीचं असं ठळक अक्षरात लिहून नोंद केली: सूज वाढली आहे, आता सकाळपासूनच असते. नेमका शुक्रवार होता. तज्ज्ञ बाईंनी कागद वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अशी सूज हसण्यावारी न्यायची नसते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. त्यांनी ताईंना सांगितलं, बाईंना आत्ता फोन करा, पाय काढून ठेवायला सांगा, आधी डॉक्टरांना दाखवून मग तडक इकडे यायला सांगा.

शिंपीणबाई फोनवर म्हणाल्या की दुकानात गिऱ्हाईक आहे. ताई म्हणाल्या की गिऱ्हाईक महत्त्वाचं की जीव. हे ऐकून शिंपीणबाई पहिल्यांदाच थोड्या भ्यायल्या. आपल्या पायाला काय झालंय ते केंद्रातल्या लोकांना कळलंय आणि आपल्याला कळलेलं नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी शटर ओढलं, कुबड्या घेतल्या, दवाखान्यात दीड तास बसल्या. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, साखर तपासली, दुसरा पायही पाहिला, आणि विचारलं की तुम्हाला इथे कुणी पाठवलं.

दुपारी अडीच वाजता त्या केंद्रात पोचल्या तेव्हा त्यांची भीती ओसरली होती आणि तिची जागा रागाने घेतली होती. कृत्रिम पाय त्यांच्या पिशवीत होता, त्याचा बूट बाहेर डोकावत होता. तज्ज्ञ बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, टेप काढला आणि उरलेल्या पायाचा घेर तीन ठिकाणी मोजला. जुन्या नोंदीशी ताडून पाहिला. पुन्हा मोजला. घेर वाढला नव्हता, उलट थोडा कमीच झाला होता. त्यांनी ताईंकडे पाहून विचारलं, सूज कुठे आहे ते बाईंना विचारा.

ताईंनी विचारलं.

"कसली सूज?" शिंपीणबाई म्हणाल्या.

"तुम्हीच कळवलंत ना, पाय मोठा होतो म्हणून."

 शिंपीणबाईंनी खोलीभर नजर फिरवली. दारामागच्या खुंटीवर मिस्त्रीचा कामाचा कोट लटकत होता. मिस्त्री दाराएवढा माणूस, त्याचा कोट तंबूएवढा. शिंपीणबाईंनी बसल्या जागेवरून कुबडीच्या टोकाने तो खाली घेतला आणि ताईंच्या हातात दिला.

"घाला."

ताईंनी का कोण जाणे, घातला. बाह्या बोटांच्या खाली वीतभर लोंबल्या. खांदे कोपरापर्यंत आले.

"कसा होतो?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"मोठा होतो," ताई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांचं तोंड उघडं राहिलं.

"मग? कोट सुजला का?"

कार्यशाळेतलं यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलं होतं. तज्ज्ञ बाई आणि मिस्त्री दोघेही ताईंकडे पाहत होते. एक मराठी बाई दुसऱ्या मराठी बाईला राक्षसाचा कोट का घालायला लावते आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारं माणूस एकच होतं.

ताईंच्या मनात त्या क्षणी काय आलं ते त्यांनी पुढे नवऱ्याला खरं खरं सांगितलं. पहिल्यांदा मनात आलं की सांगावं, बाईंनी मोघम लिहिलं होतं. ते इंग्रजीत सुंदर बसलंही असतं. शिंपीणबाईंना कळलं नसतं, मिस्त्रीने मान डोलावली असती. पण कोट अंगावर होता. वीतभर लोंबत्या बाह्यांनी माणसाला खोटं बोलणं जमत नाही. त्यांनी इंग्रजीत सांगितलं की चूक माझी आहे. बाईंनी सूज म्हटलंच नव्हतं. पाय मोठा होतो म्हणजे पाय त्यांना ढिला पडतो, कपडा ढिला पडतो तसा. सैल करायला त्यांनी सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या मनाचं घातलं.

तज्ज्ञ बाईंनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. मिस्त्रीने मात्र सावकाश विचारलं की बाईंचे मूळ शब्द काय होते, एकेक शब्द सांगा. ताईंनी एकेक शब्द इंग्रजीत फिरवून सांगितला. लेग बिकम्स बिग. मिस्त्री हसला. ताईंनी त्याला आजवर हसताना पाहिलं नव्हतं. तो म्हणाला की आमच्या भाषेतही असंच म्हणतात, चप्पल मोठी होते. तुम्ही एवढंच लिहिलं असतं तर मी प्रश्नचिन्ह काढलं असतं, तुम्ही बाईंना विचारलं असतं. तुम्ही लिहिलेलं इतकं नीट होतं की विचारायला जागाच राहिली नाही.

हे ताईंना शिंपीणबाईंनी घालायला लावलेल्या कोटापेक्षाही जास्त लागलं.

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. तज्ज्ञ बाईंनी समजावलं आणि ताईंनी मराठीत सांगितलं, या वेळी पदरचं काही न घालता: दिवसभर वजन पडून उरलेला पाय संध्याकाळपर्यंत थोडा बारीक होतो, ते बहुतेकांचं होतं, म्हणून पेला ढिला पडतो. गाद्या परत चिकटवू. त्याशिवाय एकावर एक घालता येतील असे पातळ मोजे देऊ, ढिलं वाटलं की एक वाढवायचा, पण चुणी राहू द्यायची नाही. शिंपीणबाई ऐकून म्हणाल्या, "म्हणजे दुपारी अस्तर लावायचं. एवढंच ना?" ताईंनी हे वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं, आणि तज्ज्ञ बाईंनी आपल्या वहीत लिहून घेतलं, कारण इतक्या वर्षांत त्यांना रुग्णांना सांगायला याहून बरी उपमा सापडली नव्हती. कोटाच्या गिऱ्हाइकाला ताईंनी स्वतः फोन करून उशिराचं कारण सांगितलं. पूर्ण कारण सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, आमच्याकडे कुणी जरा जास्त भाजलेला पाव मागितला तर मी त्याला विचारतो, जरा म्हणजे किती, दाखव. करपवून देत नाही. ताई म्हणाल्या, मला झोपू दे.

सोमवारी ताईंनी नोंदीचा कागद बदलला. वरच्या चौकटीत रुग्णाचा मराठी निरोप, जसाच्या तसा. खाली त्याचं साधं इंग्रजी. त्याखाली एक ओळ, काय स्पष्ट नाही. आणि अगदी तळाशी वेगळ्या चौकटीत, माझा अंदाज. अंदाजाची चौकट वर सरकू द्यायची नाही, अशी चिठ्ठी त्यांनी संगणकाला चिकटवली.

पण माणूस एका बाजूला कलंडलेला असला की सरळ होताना दुसऱ्या बाजूलाही कलंडतो. पुढचे दोन आठवडे ताई शब्दाला शब्द लिहू लागल्या. कुणी कळवलं की नव्या पायाने जिना उतरताना जीव वरखाली होतो, तर इंग्रजीत जीव खरोखर वर गेला आणि खाली आला. एकाने लिहिलं, पाय आता घराबाहेर पडत नाही. म्हणजे त्यांना बाहेर जावंसंच वाटत नव्हतं. ताईंनी लिहिलं, पाय घराबाहेर जात नाही, आणि मिस्त्रीने तो पाय मागवून त्याचा घोटा तासभर तपासला. कागद परत आला. कोपऱ्यात प्रश्नचिन्ह होतं, आणि त्याखाली एक छोटंसं घर काढलेलं होतं, घराच्या दारात एकटा पाय.

ताईंना हसू आवरेना. शब्द इस्त्री करून चालत नाहीत, तसे धुवायच्या पाटीतून उचलून तसेच पुढे सरकवूनही चालत नाहीत, हे त्यांना त्या चित्राने शिकवलं. त्यांनी त्या गृहस्थांना फोन केला. गृहस्थ बराच वेळ हवापाण्याचं बोलले आणि शेवटी म्हणाले की लोक चालण्याकडे बघतात. ताईंनी तज्ज्ञ बाईंसाठी लिहिलं: पायात दोष नाही. लोक बघतात म्हणून बाहेर जाणं टाळतात. चाल सुधारण्याचा सराव हवा असावा, हा माझा अंदाज.

हळूहळू हात बसला. त्याची खरी परीक्षा माळीबुवांनी घेतली, एका गुरुवारी. त्यांनी कळवलं: "परवा पडता पडता वाचलो. परवा लेकीकडे जायचंय, तोपर्यंत बघा. टाच टकटक करते."

एकाच निरोपात दोन परवा, एक मागचा आणि एक पुढचा, आणि इंग्रजीत दोघांना एक शब्द नाही. ताई पेन चावत बसल्या. पूर्वीच्या ताईंनी बहुधा लिहिलं असतं की रुग्ण पडले, किंचित अस्वस्थता आहे. आताच्या ताईंनी फोन उचलला आणि चार गोष्टी विचारल्या. पडलात का? नाही, झाडाला धरलं. मंगळवारी ना? हो. जाणार शनिवारी? शनिवारी सकाळी. टकटक केव्हा होते? टाच टेकली की, दर पावलाला. मग त्यांनी लिहिलं: मंगळवारी तोल गेला, पडले नाहीत, लागलं नाही. शनिवारी सकाळी प्रवास, पाय शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवा. टाच टेकताना दर पावलाला टकटक असा आवाज. परवा या शब्दाच्या जागी दोन्हीकडे वार आणि तारीख.

मिस्त्रीने कागद वाचला आणि एकही प्रश्न न विचारता पाऊल जिथे नळीला जोडलेलं असतं तिथला बोल्ट तपासला. तो ढिला झाला होता. आणखी आठवडाभर तसाच राहिला असता तर झाड धरायला मिळालं असतंच असं नाही. बोल्ट आवळून, पाय ठोकून, तज्ज्ञ बाईंना दाखवून शुक्रवारी चार वाजता तो तयार होता. माळीबुवांनी घालून खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि पाय एकदम गप्प झाल्याबद्दल थोडी नाराजी दाखवली. सवय झाली होती म्हणाले.

शिंपीणबाई दर तीन महिन्यांनी येतात. त्यांनी एकदा मिस्त्रीचा तो कोट त्याला न विचारता नेला आणि खांद्यात कमी करून आणून दिला, कारण तो लोंबताना पाहून त्यांना त्रास व्हायचा.

गेल्या महिन्यात एक नवीन निरोप आला, एका निवृत्त ग्रंथपालांचा. "पट्ट्याचं बक्कल तुटलं आहे. सवड झाली तर बघावं, नाही तर राहू द्यावं. काही घाई नाही." ताईंनी तो चौकटीत घातला, खाली इंग्रजी लिहिलं, घाई नाही असंही लिहिलं. मग कागद खिडकीपर्यंत नेऊन परत आणला. बक्कल तुटलेला पट्टा म्हणजे पाय धरून काय ठेवतं, असा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी फोन केला. ग्रंथपाल म्हणाले, खरंच घाई नाही, मी सुतळीने बांधलाय. ताईंनी विचारलं की सुतळीने बांधून कुठे जाता. ते म्हणाले, कुठेच नाही हो, खुर्चीवरच बसून आहे, चार दिवस झाले. तुम्हा लोकांना किती कामं असतात, आपलं कशाला पुढे दामटायचं.

ताई परत टेबलाशी आल्या. निरोप वर होता तसाच ठेवला. घाई नाही हे शब्दही ठेवले, कारण ते त्यांचे होते. त्याखाली लिहिलं: फोनवर विचारलं. चार दिवस चालता आलेलं नाही. संकोचामुळे घाई नाही म्हणतात. आज करावं.

मिस्त्रीने कागद घेतला, वाचला, आणि हातातला पाय बाजूला ठेवून बक्कलांचा डबा उघडला.